आमची वाटचाल : प्रेझेंटेशनपासून निविदेच्या प्रश्नावलीपर्यंत

सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे एसटीपी, चालवणं आणि त्यांची देखभाल करणं हे आमच्या संस्थेचं काम. कार्यालय गोव्यात वेर्ण्याला आणि प्रकल्प कळंगुटपासून काणकोणपर्यंत, बहुतेक हॉटेलांचे आणि गृहसंकुलांचे. खासगी कामं मिळवायला अठरा स्लाइडचं प्रेझेंटेशन पुरायचं. हॉटेलचा व्यवस्थापक ते पाहायचा, एखादा प्रकल्प दाखवा म्हणायचा आणि ठरवायचा. सरकारी निविदांकडे वळल्यावर हीच माहिती प्रश्नावलीत भरावी लागली. तिथे प्रत्येक उत्तराखाली कागद जोडायचा असतो आणि सगळं खरं असल्याच्या हमीपत्रावर सही करायची असते. उत्तर खोटं ठरलं तर निविदेसोबत भरलेली अनामत रक्कम, म्हणजे ईएमडी, जप्त होऊ शकते आणि संस्था काळ्या यादीत जाऊ शकते. म्हणून आम्ही एक नियम घालून घेतला आहे : जे स्लाइडवर आहे तेवढंच उत्तरात लिहायचं, आणि स्लाइडवर आहे त्यापेक्षा मोठं काहीही लिहायचं नाही.

निविदा हाती आली की आधी प्रेझेंटेशनची त्या दिवशीची प्रत पीडीएफ करून, तारीख घालून बाजूला ठेवतो. पुढे कोणी स्लाइड बदलली तरी उत्तरं कशावरून लिहिली ते कळायला हवं. लपवलेल्या स्लाइड आणि स्लाइडखालच्या टिपाही तपासतो, कारण कामाची रक्कम किंवा तारीख अनेकदा तिथेच लिहिलेली असते. मग एक्सेलमध्ये प्रश्न शब्दशः उतरवतो आणि शेजारी चार रकाने ठेवतो : आमचं उत्तर, स्लाइडचा क्रमांक, स्लाइडवरचं मूळ वाक्य जसंच्या तसं, आणि त्याला आधार देणारा कागद. मूळ वाक्याचा रकाना फार महत्त्वाचा. तो नसेल तर लिहिणारा स्मरणावर लिहितो, आणि स्मरणात ‘काही प्रकल्प’चं ‘अनेक प्रकल्प’ व्हायला वेळ लागत नाही.

घसरण कुठे होते ते एका प्रश्नावरून सांगतो. प्रश्न होता : ‘किमान 500 केएलडी क्षमतेचा एसटीपी सलग बारा महिने चालवल्याचा अनुभव आहे का?’ केएलडी म्हणजे दिवसाला हजार लिटर. आमच्या सहाव्या स्लाइडवर वाक्य आहे, ‘एकूण 1,200 केएलडी क्षमतेची देखभाल’. घाईत कोणीही ‘होय’ लिहील. पण हे 1,200 केएलडी नऊ प्रकल्पांची बेरीज आहे, आणि सातव्या स्लाइडवरच्या तक्त्यात सर्वांत मोठा एकटा प्रकल्प 320 केएलडीचा आहे. प्रश्न एका प्रकल्पाबद्दल आहे, म्हणून उत्तर ‘नाही, सर्वांत मोठा प्रकल्प 320 केएलडी’ असंच जातं. ही पात्रतेची अट असेल तर ती निविदा भरण्यात अर्थ नाही. नुसत्या गुणांसाठीचा प्रश्न असेल तर 320चे गुण मिळतील तेवढे घ्यायचे.

कागदाच्या रकान्यात आणखी एक चूक होते. प्रकल्प आम्ही चालवतो याचा पुरावा म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती जोडली जाते. ती संमती हॉटेलच्या नावावर असते. प्रकल्प कोण चालवतो ते तिच्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी वर्क ऑर्डर आणि काम समाधानकारक झाल्याचं ग्राहकाचं प्रमाणपत्र लागतं. खासगी ग्राहकाचं काम असेल तर बहुतेक ठिकाणी टीडीएसची प्रमाणपत्रंही मागतात, कारण पैसे खरंच दिले गेले हे त्यांतून दिसतं. ग्राहकाचा लोगो स्लाइडवर असणं म्हणजे अनुभव नव्हे. लोगोवरून आम्ही एकही उत्तर लिहीत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो आर्थिक अनुभवाच्या प्रश्नात. केंद्रीय दक्षता आयोगाच्या 2002च्या सूचनेनुसार गेल्या 7 वर्षांत पूर्ण झालेली तत्सम कामं मोजतात : अंदाजित खर्चाच्या 40 टक्क्यांची तीन, किंवा 50 टक्क्यांची दोन, किंवा 80 टक्क्यांचं एक. काही निविदांत दोन कामांसाठी 60 टक्के असतात, म्हणून निविदेतला आकडाच वाचायचा. समजा अंदाजित खर्च 40 लाख आहे. मग हवीत 16 लाखांची तीन, 20 लाखांची दोन किंवा 32 लाखांचं एक. आमच्या तक्त्यात चार कामं आहेत : 34 लाख, 21 लाख, 18 लाख आणि 16.5 लाख.

34 लाखांचं काम पाहून जीव भांड्यात पडतो. पण स्लाइडवर ‘2023पासून’ लिहिलंय, म्हणजे ते अजून चालू आहे आणि पूर्ण झालेल्यांत मोजता येत नाही. चालू कामाचा झालेला भाग धरतात का, ते निविदा भरण्याआधीच्या प्री-बिड बैठकीत लेखी विचारायचं. लेखी उत्तर आलं नाही तर ते काम धरायचं नाही. 20 लाखांवरचं पूर्ण झालेलं काम एकच उरतं. म्हणून 21, 18 आणि 16.5 ही तीन. इथे दुसरी अडचण : 16.5 लाखांत जीएसटी धरलाय का? स्लाइड काहीच सांगत नाही. वर्क ऑर्डर काढून पाहिली तर रक्कम 18 टक्के जीएसटीसह होती. कर वजा केल्यावर जेमतेम 13.98 लाख उरतात. निविदेत रक्कम करासहित धरायची असेल तर काम चालतं, करावेगळी असेल तर तिसरं काम गळतं आणि आपण पात्र नाही. आता तक्त्यात प्रत्येक रकमेपुढे ‘करासह’ किंवा ‘करावेगळे’ आणि काम ‘पूर्ण’ की ‘चालू’ हे लिहिलेलं असतं.

एखादी गोष्ट खरी आहे पण स्लाइडवर नाही, असंही होतं. तेव्हा ती थेट उत्तरात घालत नाही. आधी कागद शोधतो, स्लाइड सुधारतो, मग उत्तर लिहितो. प्रयोगशाळेचं पाहा. स्लाइडवर ‘स्वतःची प्रयोगशाळा’ एवढंच होतं आणि प्रश्न होता एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, मान्यतेचा. आमच्याकडे पीएच, विरघळलेला प्राणवायू आणि एसव्ही-30 या चाचण्या होतात. एसव्ही-30मध्ये एक लिटरच्या मोजपात्रात गाळ अर्धा तास बसू देऊन त्याची पातळी वाचतात. बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू, मोजायला 27 अंशांवर तीन दिवस नमुना ठेवावा लागतो, ते काम बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातं. सुधारलेल्या स्लाइडवर आता हे दोन्ही वेगळं लिहिलंय, आणि उत्तर आहे : ‘स्वतःच्या प्रयोगशाळेस एनएबीएल मान्यता नाही, रोजच्या चाचण्या प्रकल्पावर, बीओडी बाहेरील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत.’

‘चोवीस तास सेवा’ या वाक्यावरून ‘बिघाडानंतर किती तासांत पोहोचाल’ याचं उत्तर निघत नाही. डिसेंबरात हॉटेलं भरलेली असतात आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर गाड्या हलत नाहीत. म्हणून हा आकडा कोणता प्रकल्प कोणत्या पर्यवेक्षकाच्या वाट्याचा आहे ते पाहून त्याच्याकडूनच घेतो. एकदा लिहिला की तो करारात जातो आणि उशिराबद्दल दंड बसतो.

निविदा भरताना स्लाइडचा क्रमांक आणि मूळ वाक्य हे दोन रकाने काढून टाकतो, पण आपली प्रत जपून ठेवतो. तांत्रिक छाननीत खुलासा मागवला जातो तेव्हा मुदत दोन-तीन दिवसांचीच असते, आणि तो कागद कुठला ते त्या रकान्यांत लगेच सापडतं.