प्रमाण आयडी आला, पण आईचं पेन्शन आलं नाही

जीवन प्रमाण या सरकारच्या ऑनलाइन सेवेचा आयडी आला म्हणजे हयातीचा दाखला लागला, असं आम्ही तिन्ही भावंडांनी धरून चाललो होतो. तसं नसतं. हे कळायला डिसेंबरचं पेन्शन अडकावं लागलं आणि दादाला पुण्याहून साताऱ्याच्या दोन खेपा माराव्या लागल्या. ज्यांचे आईवडील एका गावी आणि मुलं तीन गावी आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे, कारण नेमकं कुठे अडतं ते आधी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. ते गेल्यावर आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. मृत्यूचा दाखला, अर्ज, पीपीओची म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत, हे सगळं बँकेत वेळेत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आईबाबांचं संयुक्त खातं होतं, पेन्शन त्याच खात्यात येत राहिलं. पीपीओ क्रमांकही बाबांचाच, तोच बारा आकडी. घोळाचं मूळ इथेच आहे.

केंद्रीय पेन्शनरला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. वय ८० च्या पुढे असेल तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो आणि तो पुढच्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. ऐंशी ओलांडलेल्या आईवडिलांसाठी नोव्हेंबरची गर्दी कशाला सोसायची, ऑक्टोबरातच उरका. बाबांचा दाखला आम्ही आधी बोटांच्या ठशांवर करत होतो. मग त्यांचे ठसे उठेनात. वयानं बोटांवरच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते, आणि मशीन वारंवार नाही म्हणतं. म्हणून चेहऱ्यावरून पडताळणीकडे वळलो. ही सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे. घरच्या अँड्रॉइड फोनवर होतं, केंद्रावर जावं लागत नाही.

आईचा पहिला दाखला दादानं दिवाळीत घरी आला तेव्हा केला. फोनमध्ये बाबांच्या मागच्या वर्षीच्या अर्जाचा फोटो होता. पीपीओ तोच, खातं तेच, बँक तीच, म्हणून त्यानं त्यात बघून भराभर भरलं. निवृत्तिवेतनाचा प्रकार विचारतात तिथेही फोटोत होतं तसंच Service निवडलं. आईचं पेन्शन Family आहे. पडद्यावर चेहरा जुळला, प्रमाण आयडी आला, दादानं त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, ताईनं आणि मी त्यावर अंगठ्याची इमोजी टाकली. सगळ्यांच्या लेखी काम संपलं.

आता हे नीट समजून घ्या. जीवन प्रमाणच्या अ‍ॅपमध्ये आधार आणि चेहरा जुळतो की नाही एवढंच तपासलं जातं. बाकीचं तुम्ही जे भराल ते तसंच पुढे जातं. पेन्शन कुणाचं, कोणत्या प्रकारचं, हे बँकेच्या पेन्शन केंद्रात नोंदीशी ताडून बघतात आणि न जुळल्यास दाखला नामंजूर होतो. म्हणजे आयडी ही पोच आहे, मंजुरी नव्हे. आणि नामंजूर झालेला दाखला दुरुस्त करता येत नाही. नव्यानं सगळं भरून, पुन्हा चेहरा दाखवून नवा आयडी काढावा लागतो.

नामंजुरीचा एसएमएस आला होता. पण दादानं अर्जात आईचा साध्या बटणांच्या फोनचा नंबर दिला होता. त्या फोनवर रोज दहा जाहिराती येतात, आई एकही उघडत नाही, आणि तिला दिसतही नाही. तो संदेश तिथे सहा आठवडे पडून होता.

केंद्रीय पेन्शन महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होतं, फक्त मार्चचं एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी. डिसेंबर संपला, जमा झालं नाही. जानेवारीच्या चार तारखेला ताईनं नाशिकहून नेटबँकिंग पाहिलं तेव्हा लक्षात आलं. तिनं शाखेत फोन लावला. फोन उचलला जात नव्हता, उचलला तर "मॅडम, पेन्शनचं आम्ही बघत नाही, ते वरून होतं" एवढंच. दादा रजा टाकून गेला. तर तिथलं उत्तर, "ऑनलाइन भरलंय ना, मग येईल, थांबा." आठ दिवस थांबलो. हे आठ दिवस फुकट गेले याची चीड मला अजून येते. कुणीतरी पडद्यावर एक नजर टाकली असती तर नामंजुरी त्याच दिवशी दिसली असती. आम्हीही चुकलो, आम्हाला काय विचारायचं ते माहीत नव्हतं. "दाखला आला का" असं विचारलं की आला असंच उत्तर मिळतं. विचारायचं असं: "दाखला मंजूर झाला का नामंजूर, आणि नामंजूर असेल तर कारण काय लिहिलंय?" सोबत प्रमाण आयडी आणि पीपीओ क्रमांक कागदावर लिहून द्यायचा.

दुसऱ्या खेपेला दादा आईला सोबत घेऊन गेला आणि नेमकं हेच विचारलं. कारण दोन मिनिटांत सापडलं. मग पुन्हा अ‍ॅपच्या नादाला न लागता तिथेच कागदी दाखला भरला. आईचं आधार, पासबुक, पीपीओची प्रत, आणि कुटुंब निवृत्तिवेतन असल्यामुळे पुनर्विवाह न केल्याचं निवेदन. मुख्य म्हणजे सही-शिक्क्याची पोच घेतली. कागदी दाखल्याची सही केलेली पोच देणं बँकेवर बंधनकारक आहे, रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे. समोरचा "लागत नाही" म्हणाला तरी मागून घ्या. जानेवारीअखेर दोन महिन्यांचं एकदम जमा झालं. अडकलेलं पेन्शन बुडत नाही, दाखला लागला की थकबाकीसकट मिळतं, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा. आई ते पैसे गेले असं समजून औषधांत काटकसर करायला लागली होती.

एक गोष्ट इथेच सांगते, नाहीतर राहील. कागदी दाखला पेन्शन देणाऱ्या त्याच बँकेच्या कोणत्याही शाखेत देता येतो. आई डिसेंबरात ताईकडे नाशिकला होती. तेव्हाच कळलं असतं तर तिथल्या शाखेत काम झालं असतं, साताऱ्याला जावं लागलं नसतं.

पुढच्या नोव्हेंबरात आम्ही कामं अशी वाटली. आईजवळ प्रत्यक्ष कोणीतरी हवंच, कारण चेहरा समोरच्या फोनच्या कॅमेऱ्यावरच द्यावा लागतो. मी बंगळुरूहून व्हिडिओ कॉल करून ते होत नाही. ते काम दादाचं. अर्जातला मोबाइल नंबर ताईचा, म्हणजे ओटीपी आणि नंतरचा मंजुरीचा किंवा नामंजुरीचा संदेश तिच्याकडे येतो. भरताना ती फोनवर थांबते आणि ओटीपी वाचून दाखवते. बँकेत विचारणा करणं माझ्याकडे, आयडी आल्यावर आठवड्यानं. एकाच माणसानं सगळं केलं की बाकीचे दोघे गृहीत धरतात, हे आम्ही अनुभवलं.

फोनवर दोन अ‍ॅप लागतात, AadhaarFaceRD आणि Jeevan Pramaan. पहिल्याचं चिन्ह फोनच्या पडद्यावर दिसतच नाही, ते आतून चालतं. दादानं ते आलंच नाही समजून दोनदा काढून टाकलं होतं. मग Jeevan Pramaan उघडलं की आधी ऑपरेटरची पडताळणी होते, म्हणजे फोन हाताळणाऱ्याचं आधार आणि त्याचाच चेहरा. इथे घाईनं आईला समोर बसवू नका. ती पायरी त्या फोनवर एकदाच येते. तिथून पुढे पेन्शनरची माहिती: आधार, मोबाइल, नाव, प्रकार, मंजुरी देणारं सरकार, वितरण करणारी बँक, पीपीओ, खाते क्रमांक. जुन्या फोटोवरून नाही, पीपीओ आणि पासबुकाचं पहिलं पान समोर ठेवून भरा. दुसऱ्याला मोठ्यानं वाचायला लावा. कुटुंब निवृत्तिवेतन असेल तर Family, आणि पुनर्विवाहाच्या प्रश्नाचं उत्तर विसरू नका.

चेहऱ्यासाठी खिडकी आईच्या पाठीशी नको, समोर हवी. चष्मा काढून, मागे साधी भिंत, फोन डोळ्यांच्या उंचीवर. सांगितलं की डोळे मिचकवायचे. आईला ते ऐकू येईना, म्हणून दादा खांद्यावर हात ठेवून खूण करत होता. तरी जुळत नसेल तर आधारवरचा फोटो फार जुना आहे का बघा, आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्यावा लागतो. आणि कुणी सुरक्षिततेसाठी आधारची बायोमेट्रिक बंद केली असतील तर काहीच चालत नाही, ३३० क्रमांकाची चूक दिसते. ती आधी उघडावी लागतात.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन घरी येतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ही सेवा आहे, शुल्क ७० रुपये, पेन्शन कोणत्याही बँकेत असलं तरी चालतं. पण तिथेही प्रकार आणि पीपीओ तुम्हीच लिहून द्या, पोस्टमनच्या भरवशावर सोडू नका.

नोव्हेंबरात आईला दोन फोन आले, "तुमचा हयातीचा दाखला राहिलाय, ओटीपी सांगा" म्हणून. बँक असा ओटीपी मागत नाही. आमचा नियम असा की ओटीपी दादा, ताई आणि मी यांच्याखेरीज कुणालाही द्यायचा नाही, आणि फोनवर पेन्शन शब्द ऐकला की आईनं "मुलाला विचारते" म्हणून ठेवून द्यायचा.

यंदा आयडी ९ नोव्हेंबरला आला. १६ ला मी शाखेत विचारलं, मंजूर झाल्याचं सांगितलं. तरीही ताईनं ३१ डिसेंबरला खातं उघडून पाहिलं, आणि रक्कम दिसल्यावरच आईला फोन केला.