पाऊस मला दिसतो, तो लिहू नको

गेल्या चवथीच्या आधी मैत्रिणीने एक छोटी फिल्म केली, चौदा मिनिटांची, गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका जुन्या घरात शूट केलेली. कॅप्शन मी करते म्हटलं, कारण माझा मावसभाऊ जन्मापासून ऐकू न येणारा, त्याला प्रत्येक वेळी फिल्म संपल्यावर गोष्ट सांगायचा मला कंटाळा आलेला, नि त्यालाही ती ऐकून घ्यायचा म्हणजे बघून घ्यायचा. मला वाटलं डायलॉग टाइप करायचे, मधेमधे चौकटी कंसात आवाज लिहायचे, दोन संध्याकाळींचं काम. तीन आठवडे गेले.

Subtitle Edit नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात काम केलं. पहिली फाइल त्या मावसभावाला, म्हणजे दादाला दाखवली (तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणून दादा). त्याने लॅपटॉपवर पूर्ण फिल्म बघितली आणि व्हॉट्सॲपवर टाइप केलं, समोरच बसून, "पाऊस मला दिसतो. नऊ वेळा का लिहिलाय?"

मी खरंच नऊ वेळा [पाऊस पडतोय] लिहिलेलं. आवाज येतोय म्हणून लिहिला, एवढंच डोकं चालवलेलं. जो आवाज कुठून येतो ते पडद्यावर दिसतंय तो लिहून त्याला फक्त वाचायचं काम लागतं, तेवढ्या वेळात चेहरा बघायचा राहतो. नऊपैकी आठ काढले. ठेवला तो एकच, आणि तोही [पाऊस थांबतो] असा बदलून, कारण तिथे खिडकी बंद आहे आणि पाऊस थांबल्यामुळेच फिल्ममधल्या आईला शेजारच्या घरातलं ऐकू यायला लागतं.

दुसरी भानगड माझ्या आवडत्या शब्दांची. मराठीत आवाजांचे शब्द काय कमी आहेत का, खळखळ, धप्प, किर्रर्र, मी हौसेने सगळे वापरले. एका ठिकाणी [पों पों] लिहिलं, सकाळी पाव विकणारा पोदेर सायकलवरून येतो तेव्हाचा भोंगा. दादाला काहीच कळलं नाही. ज्याने तो आवाज कधी ऐकलाच नाही त्याला पों पों म्हणजे दोन अक्षरं. मग [हॉर्न] केलं तर तो म्हणाला गाडी आली ना, मग आई पैसे घेऊन बाहेर का जाते? शेवटी [बाहेर पोदेराचा भोंगा] लिहिलं नि काम झालं, कारण रबराचा गोळा दाबणारा पोदेर त्याने लहानपणापासून रोज बघितलाय. आवाज कसा आहे यापेक्षा तो कोणाचा आणि कुठून येतो हे त्याला आधी हवं असतं. आवाजाचा गुण लिहायचाच तर साधा, हळू, जोरात, लांबून, दाराच्या मागून. ज्यांचं ऐकणं मोठेपणी गेलंय त्यांना धप्प कदाचित चालेल, पण सोबत काय पडलं ते लिहा.

बोलणाऱ्याचं नाव कधी लिहायचं यात मी सगळ्यात मोठी चूक केली. इंग्रजी कॅप्शनमध्ये नाव कॅपिटलमध्ये टाकून वेगळं दाखवतात, आपल्या देवनागरीत कॅपिटल नाहीतच, म्हणून नाव आणि पुढे विसर्ग वाटेल असे दोन टिंब. तेही तोंड दिसत नसेल तेव्हाच, तोंड हलताना दिसतंय तर नाव कशाला. आणि एक बाई एक पुरुष बोलत असतील तर "येतो" "येते" वरूनच अर्धं काम होतं. पण फिल्ममध्ये लाइट गेल्यावर आईला फोन येतो, पलीकडे कोण ते शेवटी उघड होतं की घर सोडून गेलेला दीर आहे. मी शहाणीने पहिल्याच वाक्याला "विनायक:" लिहून टाकलं. स्क्रिप्टमध्ये तसंच होतं ना, कॉपी केलं. दादा म्हणाला, मला तर सहाव्या मिनिटालाच कळलं, बाकीचे शेवटी का चकित झाले? ऐकणाऱ्याला जेवढं माहीत तेवढंच लेबल, म्हणून तिथे "फोनवर पुरुष:" आणि नाव त्याने स्वतः सांगितल्यानंतरच. शेजारची वहिनी मधे कोंकणीत "कितें जालें?" विचारते, ते मराठी करायचा मोह झाला पण तसंच ठेवलं, गोव्यात ते कोणाला समजावून सांगायचं.

आता तो फोनचा सीन, यावर माझा एक अख्खा रविवार गेला. अंधार आहे, शेजारी घुमट आरती चालू आहे, फोनवर दीर बोलतोय, आरती अचानक थांबते आणि आई दचकते. मी आधी लिहिलेलं [संगीत]. दादाला वाटलं ते फिल्मला लावलेलं म्युझिक आहे, गोष्टीतली माणसं ते ऐकत नाहीत. म्हणून [शेजारी घुमट आरती सुरू]. घुमट दादाला चांगलं माहीत, मातीच्या मडक्याला चामडं बांधलेलं, चवथीला वाजवताना तो घुमटाच्या पोटावर तळवा ठेवतो नि ठेका हाताला लागतो. आरतीचे शब्द लिहिले नाहीत कारण भिंतीपलीकडून ते कोणालाच नीट ऐकू येत नाहीत, स्पष्ट ऐकू आले असते तर ♪ लावून लिहावेच लागले असते.

मग थांबणं. दादा म्हणाला ती बाई उगाच का उडाली? बघितलं तर आरती थांबते आणि बारा फ्रेमनंतर, म्हणजे साधारण अर्ध्या सेकंदाने, आई दचकते. माझं आरती थांबल्याचं कॅप्शन मात्र तिच्या दचकण्याच्याही नंतर येत होतं, कारण आधीचा डायलॉग पडद्यावर रेंगाळत होता. डायलॉग कापला, दोन्हींच्या मधे दोन फ्रेम मोकळ्या ठेवल्या (सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत 80 मिलिसेकंद, म्हणजे मजकूर बदलला हे डोळ्याला जाणवतं), आणि आवाजाचं कॅप्शन बरोबर थांबण्याच्या फ्रेमवर आणलं:

```
41
00:06:28,400 --> 00:06:31,120
फोनवर पुरुष: मी येतोय, पण कुणाला सांगू नको.

42
00:06:31,200 --> 00:06:33,400
[शेजारची आरती मधेच थांबते]
```

अजून आधी आणून बघितलं होतं, अर्धा सेकंद, म्हटलं वाचायला वेळ मिळेल. तर दादा आईच्या आधीच दचकला. तेही नको.

वाचायच्या वेळेवरून सॉफ्टवेअर सारखं लाल होत होतं. सेकंदाला किती अक्षरं याचा हिशेब ते करतं, पण कॉम्प्युटरला मात्रा, हलन्त सगळं वेगळं दिसतं. "म्हणजे" आपल्याला तीन अक्षरं, त्याच्या लेखी सहा. इंग्रजीसाठीची मर्यादा तशीच लावली तर चांगली वाक्यं उगाच छाटावी लागतात. मी लाल रंग बाजूला ठेवून दादाला वाचायला बसवलं, तो जिथे अडला तिथेच छाटलं. एका माणसावरून ठरवणं बरोबर नाही, माहीत आहे, पण माझ्याकडे तोच होता.

हॉलमध्ये दाखवायच्या आदल्या दिवशी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला तर जोडाक्षरं सुटी झालेली, "स्वयंपाक" वाचताच येईना. फाइल UTF-8 मध्येच, म्हणजे देवनागरी चालणाऱ्या पद्धतीतच साठवलेली होती, टीव्हीलाच देवनागरी नीट जोडता येत नव्हती. मग कॅप्शन व्हिडिओतच छापून नवी फाइल काढली, रात्री दीडपर्यंत बसून. बंद करता येत नाहीत ती, पण अक्षरं तरी अक्षरांसारखी दिसतात.

शेवटचा सीन मला वाटत होतं सगळ्यात चांगला जमलाय. आधीच्या [उदास संगीत]च्या जागी [एकटी बासरी, हळू], कारण उदास व्हायचं का ते बघणाऱ्याने ठरवू दे. शो संपल्यावर दादा आला, अंगठा वर केला, आणि लगेच मोबाइल काढून टाइप केलं, "घरात बासरी कोण वाजवत होतं?"

घरी येऊन [पार्श्वसंगीत: एकटी बासरी, हळू] केलं आणि पुन्हा एक्स्पोर्ट लावला.