जोड ऑर्डरमधली पहिली पिशवी

कोल्हापुरातल्या एका छोट्या डिलिव्हरी ॲपचं डिस्पॅच मी सांभाळतो. रायडरला एका फेरीचे ४० रुपये, त्याच फेरीत दुसरी ऑर्डर नेली तर वरचे १५. म्हणजे दोन ऑर्डरी जोडल्या की ८० ऐवजी ५५ रुपयांत काम होतं. म्हणून मी नियम लावला: एकाच हॉटेलातल्या, जवळजवळ पोचवायच्या ऑर्डरी जोडायच्या.

सरासरी वेळ ठीक दिसत होती, तरी जेवण गार आल्याच्या तक्रारी वाढल्या. तक्रारी वेगळ्या काढल्या तेव्हा बहुतेक जोडीतल्या पहिल्या ऑर्डरच्या निघाल्या. एका रायडरनं फोनवरच सांगितलं, "सर, पहिली पिशवी हातात हाय, दुसरीचं मटण अजून शिजतंय."

त्याचीच फेरी उलगडून पाहिली. हॉटेल राजारामपुरीत, दोन्ही ग्राहक सायबर चौकाकडचे. रायडर ८:१४ ला पोचला. पहिली ऑर्डर ८:२० ला तयार होती, दुसरी ८:३१ ला. तो ८:३१ ला निघाला आणि पहिल्या घरी ८:३९ ला पोचला. एकटी नेली असती तर ८:२८ ला पोचली असती. २५ रुपये वाचवायला एका माणसाचा रस्सा अकरा मिनिटं गार केला होता. शिवाय रायडर सतरा मिनिटं दारात उभा होता. त्याची भरपाई माझ्या हिशेबात कुठेच नव्हती, हे मला जास्त लागलं.

चूक अशी की मी घरांमधलं अंतर बघत होतो, स्वयंपाकघरातली वेळ नाही. हॉटेलवाल्यांच्या 'तयार' बटणावर विसंबता येईना, कारण बरेच जण रायडर समोर दिसल्यावरच ते दाबतात. मग रायडर पोचल्याची आणि निघाल्याची जीपीएस वेळ घेऊन, रायडरला बराच वेळ थांबावं लागलेल्या फेऱ्यांवरून प्रत्येक हॉटेलचा तयारीचा अंदाज बांधला, कारण अशा फेरीत तो निघाला तीच अन्न तयार झाल्याची वेळ.

आता ऑर्डर आली की लगेच रायडर देत नाही. पदार्थाला १८ मिनिटं लागणार आणि रायडर ५ मिनिटांवर असेल, तर तेराव्या मिनिटापर्यंत ऑर्डर हातात ठेवतो. तेवढ्यात जोडीला दुसरी आली तर ती वाट फुकटची, कारण अन्न अजून चुलीवरच असतं. दोन्हींच्या तयारीत ४ मिनिटांहून जास्त फरक असेल, किंवा जोडल्यामुळे कुठल्याही ग्राहकाला ६ मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल, तर जोडायचं नाही. अंतरही रस्त्याच्या वेळेनं मोजतो. नकाशावर राजारामपुरी आणि नवी शाहूपुरी शेजारी दिसतात, पण मध्ये रेल्वे आहे आणि संध्याकाळी परीख पुलाखाली गाड्या तुंबतात.

वडा-चहासारख्या ऑर्डरीला ही फुकटची वाट मिळत नाही, त्या लगेच देतो. पावसात रायडर कमी पडतात. तेव्हा तेराव्या मिनिटाला कुणी मोकळं नसण्याची भीती असते, म्हणून रायडर आधीच ठरवून ठेवतो आणि त्याच्या उभं राहण्याचे पैसे आता त्याला वेगळे देतो.