मुलाकडचे वाढीव पाहुणे आणि व्याह्यांचा मान

पुतण्याच्या लग्नात आमच्या, म्हणजे मुलाकडच्या, पाहुण्यांची यादी सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. कार्य मुलीकडच्यांनी पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात ठरवले होते. एका पंगतीला ८० पाने बसत आणि कार्यालय संध्याकाळपूर्वी रिकामे करायचे असल्याने तीनच पंगती शक्य होत्या. त्या २४० पानांपैकी १२० आमच्या वाट्याची होती. मुलाकडून माणसे जास्त आली तर मुलीचे वडील तोंडाने काहीच बोलू शकत नाहीत, म्हणून हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी आपल्याच घरात मिटला पाहिजे, असे मला मनापासून वाटत होते.

यादी मी ११० वरच थांबवली आणि त्यात गाड्यांचे चालकही धरले, कारण तेही जेवणारच असतात. उरलेली १० पाने आयत्या वेळेसाठी होती आणि त्यांविषयी दादा-वहिनींखेरीज कोणालाही सांगितले नव्हते. पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेले असले, तरी प्रत्येक घरी फोन करून "तुम्ही चौघे येताय ना? तसे व्याह्यांना कळवते," असे मी आकड्यासह विचारत गेले, त्यामुळे बहुतेकांना मर्यादा न सांगताच समजली.

तरीही वहिनींच्या मामांचा फोन आला, की वाडीतले आणखी सहा जण यायचे म्हणत आहेत. "नाही" हा शब्द दादांच्या तोंडून जायला नको, म्हणून ते उत्तर मीच दिले: "मामा, कार्यालय व्याह्यांचे आहे, पाने मोजून ठरली आहेत. पण दुसऱ्या दिवशी आपल्या घरी सत्यनारायण आहे, संध्याकाळी सगळ्यांना तीर्थप्रसादाला घेऊन या, नव्या सुनेशी निवांत बोलणेही होईल." पूजेला लोक थोड्या थोड्या वेळाने येतात-जातात, त्यामुळे तिथे गर्दी सामावते. मात्र हे आमंत्रण तोंडदेखले वाटू नये, म्हणून दादांनी त्या घरांना स्वतः फोन केले.

लग्नाच्या दिवशी दारात कोणालाही विचारायचे नाही, हा माझा नियम होता. शेजारच्या काकू सुट्टीला आलेल्या नातवंडांना घेऊन आल्या, तेव्हा त्यांचे इतरांसारखेच स्वागत झाले. मी फक्त वाढप्यांच्या प्रमुखाला बाजूला घेऊन आकडा सांगितला. वयस्कर आणि परगावचे पाहुणे पहिल्या पंगतीला बसले, घरची मंडळी तिसऱ्या पंगतीसाठी थांबली, आणि प्रत्येक पंगत उठली की तो प्रमुख मला आमची झालेली पाने सांगत असे. दुसऱ्या पंगतीनंतर किती जण जेवायचे राहिले आहेत, हे त्यावरून नेमके कळले आणि तिसऱ्या पंगतीला आमच्याकडचे सगळे बसूनही ठरलेल्या पानांतली चार शिल्लक राहिली.