आमची वाटचाल : ‘सवलतींचा महापूर’ ते आयर्विन पुलाचा रकाना

सांगलीत आम्ही दुकानदारांसाठी सोशल मीडियाच्या पोस्ट करतो. कापड, सराफी, मिठाई, क्लासेस, दोन बिल्डर अशी गिऱ्हाइकं. २०१७ साली मी आणि एक डिझायनर मुलगी, दोघांनीच सुरुवात केली. आता सहाजण आहोत. आमच्याकडे कुठलीही पोस्ट बाहेर पडण्याआधी एका चाळणीतून जाते. यादीतला शब्द, तारीख किंवा नाव सापडलं की ती अडकते आणि माणसाने बघून सोडल्याशिवाय जात नाही. ही चाळणी हुशारीतून नाही, फजितीतून आली.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीकराला वेगळा सांगायला नको. मंगळवार, ६ तारीख. नदी गावात शिरली होती. आमचं एक कापडवाले गिऱ्हाईक पोरांना हाताशी घेऊन तळमजल्यावरचे गठ्ठे जिन्याने वर चढवत होतं. त्याच सकाळी दहा वाजता त्यांच्या पानावर पोस्ट गेली : ‘श्रावण सेल! सवलतींचा महापूर! या आणि वाहून जा!’ दहा दिवस आधी लिहिलेली, वेळ लावून ठेवलेली. शिव्या पोस्टखाली सुरू झाल्या आणि मग शेठचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. “अहो, मी कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे. हे काय टाकलंय तुम्ही?” नेट धडपणे चालत नव्हतं. ती पोस्ट काढायला चाळीस मिनिटं लागली.

पाणी ओसरल्यावर पहिली यादी भिंतीवर लागली. कार्डशीटवर मार्करने बावीस शब्द : पूर, आग, स्फोट, मृत, शोक, बळी, अपघात वगैरे. दोन महिन्यांत त्या कागदाकडे बघणं सगळ्यांनी सोडून दिलं. मग माझ्या भाच्याने, तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता, पोस्टच्या शीटवर चालणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहून दिली. मजकुरात यादीतला शब्द दिसला की ओळ लाल, आणि पोस्ट थांबलेली.

पहिल्या आठवड्यात साठ पोस्टपैकी एकेचाळीस अडकल्या. ‘भरपूर’ मध्ये पूर, ‘कोल्हापूर’ मध्ये पूर, ‘अमृततुल्य’ मध्ये मृत, ‘अशोक’ मध्ये शोक. ‘गणरायाचं आगमन’ आगीमुळे अडकलं आणि ‘आगाऊ नोंदणी’सुद्धा. मिठाईवाल्या काकांनी विचारलं, “पेढ्याच्या पोस्टला कसली परवानगी लागते रे?”

भाचा म्हणाला, सोपं आहे, शब्दाच्या दोन्ही टोकांना सीमा लावू. इंग्रजी मजकुरासाठी सगळे तेच करतात : `\b`. आता ‘भरपूर’ सुटलं, पण ‘सोलापूर’ अडकतच राहिलं. यात आमची दोन संध्याकाळ गेली. कारण असं की पायथनमध्ये शब्द शोधणाऱ्या `re` ला काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार ही अक्षरं वाटतच नाहीत. ‘सोलापूर’ मधला ‘ला’चा काना त्याच्या दृष्टीने स्वल्पविरामासारखा, म्हणजे त्याच्या पुढे नवा शब्द सुरू. ‘भरपूर’ मध्ये ‘प’च्या आधी साधा ‘र’ आहे, म्हणून ते वाचलं. ‘महापूर’ पकडला जात होता तोही त्या कान्यामुळे, निव्वळ नशिबाने.

मग `\b` सोडलं आणि मजकूर आधी एका वळणाला आणून त्याचे शब्द आपणच पाडायला लागलो :

```python
import re, unicodedata
ANK = str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789")

def shabda(t):
    t = unicodedata.normalize("NFC", t)
    t = re.sub("[\u200c\u200d]", "", t)
    t = t.replace("अ\u0945", "\u0972")
    t = t.translate(ANK).lower()
    return re.findall(
        r"[\u0900-\u0963\u0971-\u097f]+|[a-z]+|[0-9]+(?:[/.-][0-9]+)*", t)
```

मधल्या दोन ओळी मराठीत टायपिंग करणाऱ्याला लगेच कळतील. जोडाक्षरांत न दिसणारी चिन्हं घुसलेली असतात, ती आधी काढायची. आणि ‘ॲसिड’ मधला ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक सबंध अक्षर किंवा ‘अ’वर चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण मशीनला वेगळे, आणि अक्षरं एकसारखी करणारं कोडमधलं `NFC` त्यांना एक करत नाही. ते हाताने करावं लागतं.

आता ‘पूर’ म्हणजे फक्त ‘पूर’ झालं आणि नवी भानगड उभी राहिली. मराठीत शब्द जसाच्या तसा येतोच किती वेळा? पुरात, पुराचा, पुरामुळे. ऊ ऱ्हस्व झाला, की ‘पूर’ शोधणाऱ्याला काही सापडत नाही. बरं, ‘पुरा’ने सुरू होणारं सगळं थांबवावं तर पुरातन, पुराण आणि पुरावा अडकतात. ‘पुर’ म्हटलं तर होळीच्या आठवड्यात पुरणपोळी अडकते. शेवटी ऑफिसात बसून मी प्रत्येक शब्दाची रूपं हाताने लिहिली : पूर, महापूर, पुराचा-ची-चे-चं-च्या, पुरात, पुरातून, पुराने, पुराला, पुरामुळे, तशीच महापुराची. घोटाळा, घोटाळ्यात, घोटाळ्याचा. शाळेत सामान्यरूपाला मी कायम मार्क घालवले, त्याची फेड चाळिशीत झाली. बावीस शब्दांची साडेतीनशेवर रूपं निघाली, पण अडकणाऱ्या पोस्ट साठात सात-आठवर आल्या. हॅशटॅग मात्र वेगळे काढून तिथे जुनीच पद्धत ठेवली. त्यात शब्द एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे आत कुठेही सापडला तरी थांबवायचं आणि ‘कोल्हापूर’सारखी ओळखीची नावं वगळायची.

तारखांचा धडा दोन हप्त्यांत मिळाला. पहिला साधा. लग्नसराईच्या सेलची पोस्ट होती, मजकूर स्वच्छ, चित्रावर मात्र मोठ्या अक्षरांत ‘२६/११ पासून धमाका’. आमच्या यादीत 26/11 होतं, पण इंग्रजी अंकांत. वरच्या कोडमधली अंक बदलणारी ओळ त्या दिवसानंतरची. पण नुसत्या अंकांनी भागलं नसतं, कारण ती अक्षरं चित्रात होती आणि स्क्रिप्ट चित्र वाचत नाही. गिऱ्हाइकाच्या मुलाने निघायच्या आधी पाहिलं म्हणून निभावलं. तेव्हापासून शीटमध्ये ‘चित्रातला मजकूर’ असा रकाना आहे आणि डिझायनरने चित्रावरची ओळ न् ओळ तिथे टाइप करायची. तो रिकामा असेल तरीही पोस्ट थांबते. या नियमावर जेवढी कुरकुर झाली तेवढी दुसऱ्या कशावर झाली नाही.

तारीख दोन ठिकाणी तपासली जाते, मजकुरातली आणि पोस्ट जाण्याची. ६ डिसेंबरला आमच्याकडून ‘हॅपी’ने सुरू होणारं काहीही जात नाही, तो महापरिनिर्वाण दिन आहे. २६ नोव्हेंबरला सगळंच थांबतं, पण तोच संविधान दिनही आहे. एका क्लासने त्या दिवशी उद्देशिकेचं वाचन ठेवलं होतं, ती पोस्ट बघून लगेच सोडली. यादीतलं सरसकट उडवून टाकणारी पद्धत आम्ही घेतली नाही ती यासाठी.

दुसरा धडा पंचांगाचा. पितृपक्षात बिल्डर आणि सराफांच्या ‘शुभ मुहूर्तावर बुकिंग’ छापाच्या पोस्ट आम्ही थांबवतो. कुणाची श्रद्धा असो वा नसो, गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक हसतं. २०२२ मध्ये पितृपक्ष १० ते २५ सप्टेंबर असा होता. पुढच्या वर्षी शीटची नक्कल करताना तारखाही तशाच आल्या. २०२३ ला अधिक श्रावण होता आणि सगळं एकोणीस दिवस पुढे सरकलं होतं. गणेश चतुर्थीच १९ सप्टेंबरला. म्हणजे ऐन गणपतीत, ‘मुहूर्त’ शब्दाला सगळ्यात जास्त मागणी असताना, आमची चाळणी सराफांच्या पोस्ट अडवत बसली. आणि खऱ्या पितृपक्षात, जो १४ ऑक्टोबरच्या सर्वपित्रीला संपला, एका बिल्डरची ‘शुभारंभ’ची पोस्ट खुशाल निघून गेली. बिल्डर म्हणाले, “साहेब, माझी आईच पहिली ओरडली.” आता तिथीचे दिवस वेगळ्या पानावर असतात, त्या पानावर वर्ष लिहिलेलं असतं, आणि वर्ष जुनं असेल तर स्क्रिप्ट चालूच होत नाही. दर दिवाळीत नवं कॅलेंडर समोर ठेवून आम्ही दोघं बसतो, एकाने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं.

प्रतिस्पर्ध्यांच्या नावांचं प्रकरण मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक यादी, त्यात त्याच्या शेजाऱ्या-पाजाऱ्यांची दुकानं, मराठीत आणि रोमन लिपीतल्या दोन-तीन स्पेलिंगांसह. एका सराफाच्या समोरचं दुकान देवीच्या नावाचं, त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या सगळ्या पोस्ट अडकतात. त्याला इलाज नाही, त्या आठवड्यात एकजण तेवढ्यासाठीच बसतो. पण खरी चूक समोरच्या दुकानाच्या नावाची होत नाही. ते कोण कशाला लिहील? चूक होते ती आमच्याच दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या नावाची. धनत्रयोदशीला तीन सराफांच्या पोस्ट एकच मुलगी करते, एकाचा मजकूर दुसऱ्यात चिकटवते, आणि शेवटच्या ओळीत पत्ता राहून जातो. म्हणून आता आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या यादीत आमची बाकीची सगळी गिऱ्हाइकं आपोआप जातात, नाव आणि फोन नंबर दोन्ही.

अडकलेली पोस्ट सोडायची कुणी, हे ठरायला वेळ लागला. सुरुवातीला जो लिहितो तोच सोडायचा, आणि आपलंच लिहिलेलं कुणाला खटकत नाही. आता लिहिणाऱ्याला सोडता येत नाही. सोडणाऱ्याने एक ओळ कारण लिहायचं. ‘ठीक आहे’ हे कारण चालत नाही. ठरलेली वेळ टळली तरी पोस्ट आपोआप जात नाही, पडून राहते. यावरून दोन गिऱ्हाइकांशी वाजलं. पाडव्याची शुभेच्छा दुपारी तीनला गेली तर माणूस चिडणारच. मी ते ऐकून घेतो, नियम बदलत नाही. महिन्याकाठी कारणं वाचतो, आणि ज्या शब्दावर सलग वीस वेळा ‘संबंध नाही’ लिहिलंय तो शब्द यादीतून काढतो. अडकलेल्या दहातल्या नऊ फालतू असल्या की दहावी न वाचताच सुटते, हे स्वतःवरून सांगतो.

एवढं करूनही त्या ऑगस्टमधलं नुसतं ‘या आणि वाहून जा’ असतं तर ते आजच्या यादीत सापडलं नसतं. ‘वाहून’ थांबवलं तर ‘फुलं वाहून’ अडकेल. पोस्ट लिहिली त्या दिवशी त्यात चुकीचं काही नव्हतंच, बाहेर पाणी चढत गेलं. म्हणून जून ते सप्टेंबर शीटमध्ये सगळ्यात वर एक रकाना असतो : आयर्विन पूल, फूट, म्हणजे कृष्णेवरच्या या पुलापाशी मोजलेलं पाणी. इशारा पातळी ४० फुटांवर आहे, धोका पातळी ४५ वर. त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं होतं. सकाळी जो पहिला येतो त्याने आकडा भरायचा. ३० च्या पुढे गेला की नदीकाठच्या गिऱ्हाइकांच्या सगळ्या पोस्ट थांबतात, त्यात शब्द कुठले का असेनात. आकडा भरलाच नाही तरीही थांबतात.

ते कापडवाले शेठ दोन वर्षं दुसरीकडे होते, आता परत आमच्याकडे आहेत. आज त्यांच्या श्रावण सेलची पोस्ट होती. सकाळी साडेनऊला त्यांचाच फोन आला, “पाणी किती?” रकान्यात १९ होतं. पोस्ट सव्वादहाला गेली.