चारशे एक्केचाळीस कप

"नफ्याचा आकडाच छापला नाही, तर फ्रँचायझी घेणार कोण?"

आकडा खुशाल छापा. फक्त तो कशावर उभा आहे ते त्याच्या शेजारी आणि त्याच टायपात छापा. फ्रँचायझीची माहितीपत्रकं छपाईला जाण्याआधी माझ्याकडे येतात, आणि माझं लाल पेन बहुतेक वेळा पहिल्याच पानावर अडतं.

मागच्या वर्षी पुण्यातल्या एका चहावाल्यांचं पत्रक आलं होतं. मुखपृष्ठावर गरम वाफेचा कप आणि खाली ठळक ओळ: 'फक्त ४ लाखांत तुमचं स्वतःचं दुकान! महिना ६७,००० नफा, ६ महिन्यांत भांडवल परत!' मी शेठना विचारलं, "हे सदुसष्ट आले कुठून?" ते म्हणाले, "माझ्याच दुकानाचे आहेत. रोज आठशे कप जातात, खोटं कशाला बोलू?"

माणूस खोटं बोलत नव्हता. पण ते दुकान कॉलेजच्या फाटकासमोर अकरा वर्षं जुनं. त्यांची आणखी नऊ दुकानं चालू होती, त्यांचे वर्षभराचे कप मागवले. आठशेला पोचणारं दुसरं एकच निघालं, बाकीची चारशे ते सहाशेच्या मधे. मे महिन्यात तर सगळीकडेच घसरगुंडी.

मग कप धरून हिशेब मांडला. चहा १० रुपयांना. दूध, साखर, पावडर, कागदी कप यात साडेचार रुपये जातात. कंपनीची रॉयल्टी विक्रीच्या ५ टक्के, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९ पैसे. ही रॉयल्टी पत्रकातल्या हिशेबात धरलीच नव्हती. कपामागे उरतात ४ रुपये ९१ पैसे. त्यातून महिन्याचं भाडं २५,०००, दोन पोरांचा पगार ३०,००० आणि वीज-गॅस १०,००० भागवायचे. रोज ४४१ कप गेले की दुकान जेमतेम बरोबरीत येतं. ६०० गेले तर २३,३८० उरतात, ४०० गेले तर खिशातून ६,०८० घालावे लागतात. शेठच्या आठशे कपांवरसुद्धा ५२,८४० च, सदुसष्ट नाहीत. आणि यात दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या मालकाचा पगार कुठेच नाही.

खरी मेख मात्र त्या 'फक्त ४ लाखां'त होती. ती नुसती फ्रँचायझी फी. तिच्यावरचा जीएसटी ७२,०००. एवढ्याशा दुकानाला तो बहुधा परत मिळत नाही, म्हणून तोही खर्चातच धरायचा. सहा महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट दीड लाख, फर्निचर आणि बोर्ड अडीच लाख, भांडी-मशीन १,२०,०००, पहिला माल ४०,०००, परवाने १५,०००. बेरीज १०,४७,०००. गिऱ्हाईक जमेपर्यंतचे तीन महिने तग धरायला आणखी १,९५,००० हाताशी हवेत. म्हणजे १२,४२,०००.

डिपॉझिट परत मिळेल आणि राखीव रक्कम शिल्लक राहील असं मानलं तरी ८,९७,००० अडकतात. ६०० कपांवर ते सुटायला ३८ महिन्यांहून थोडे जास्तच लागतात, आणि करारनामा होता ३६ महिन्यांचा. नूतनीकरणाची फी वेगळी. हे वाचून शेठ बराच वेळ काही बोलले नाहीत.

"खाली बारीक अक्षरात 'अटी लागू' टाकू की," हा त्यांचा पुढचा उपाय. तो मी चालू देत नाही. मोठ्या अक्षरातलं आश्वासन तळटीपेने खोडायचं नसतं. जाहिरातींच्या आचारसंहितेतही तळटीप मूळ दाव्याच्या उलट जाऊ नये असंच आहे. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. अमेरिकेत करारावर सही करायच्या निदान १४ दिवस आधी एक खुलासापत्र द्यावंच लागतं. त्यात सुरुवातीच्या एकूण गुंतवणुकीचा तक्ता असतो, आणि कमाईचा आकडा द्यायचा झाला तर त्याला आधार दाखवावा लागतो. इथे ते काम लाल पेनाला करावं लागतं.

शेवटी मुखपृष्ठावर असं छापलं: 'एकूण गुंतवणूक सुमारे १२ लाख ४२ हजार, त्यात फ्रँचायझी फी ४ लाख. रोज ६०० कप गेले आणि भाडं २५,००० च्या आत राहिलं, तर महिना सुमारे २३,००० उरू शकतात. रोज ४४१ कपांच्या खाली तोटा होतो. आमच्या १० दुकानांपैकी दोनच ८०० कपांपर्यंत जातात.' आत सगळ्या दुकानांचे कप, महिनावार. वाफेचा कप तसाच ठेवला, तो छान होता.

फोन कमी आले, हे शेठ अजून ऐकवतात. आले त्यातला एक गृहस्थ चिंचवडचा. त्याने ठरवलेल्या जागेजवळच्या चहाच्या गाडीसमोर तो दोन दिवस सकाळ-संध्याकाळ बसून कप मोजत होता. तीनशेच्या वर गेले नाहीत. आता तो दुसरी जागा शोधतोय.