आमची वाटचाल: नकलेपासून स्वतःच्या बाटलीपर्यंत

पॅकेजिंग डिझाइनचा आमचा स्टुडिओ चार माणसांचा. सुरुवातीला लेबलं, खोकी, माहितीपत्रकं, मिळेल ते काम घेत होतो. मग एका सुपरमार्केट साखळीने बोलावलं. त्यांना भांडी घासायचं लिक्विड स्वतःच्या नावाने आणायचं होतं. खरेदी विभागाच्या साहेबांनी देशभर खपणाऱ्या ब्रँडची बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "अगदी अशीच करा, फक्त नाव आपलं घाला." आम्ही केली. पिवळा तोच, नाव तसंच तिरकं, लिंबाची फोडही त्याच कोपऱ्यात.

पहिल्या महिन्यांत खप छान दिसला, आणि आम्ही खूश होतो. मग कॅश काउंटरवरून तक्रार आली की लोक बाटल्या परत आणून देताहेत, "चुकून उचलली" म्हणून. मेंबरशिप कार्डाच्या नोंदी काढून पाहिल्या, तर तीच बाटली दुसऱ्यांदा घेणारे अगदी थोडे. नकलेची खरी परीक्षा मला तिथे कळली: पहिली विक्री चांगली आणि दुसरी खरेदी नाही, तर ग्राहकाने आपली वस्तू निवडलेलीच नसते. शिवाय आपल्या लिक्विडची तुलना तो दर वेळी मूळ बाटलीशी करतो आणि उणं निघालं की फसवल्यासारखं वाटतं.

कायद्याचाही धोका असतो. ब्रिटनमध्ये 1997 मध्ये आस्डा या सुपरमार्केटच्या 'पफिन' बिस्किटांचं वेष्टन 'पेंग्विन' बिस्किटांशी इतकं मिळतंजुळतं ठरलं की न्यायालयाने 'पासिंग ऑफ' म्हणजे दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवणं झालं, असा निकाल दिला. नाव वेगळं असूनही.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. नक्कल नको म्हणून सगळंच बदललं: निळी-करडी बाटली, लिंबू गायब, वर नुसतं साखळीचं नाव. दिसायला देखणी होती, अजून माझ्या टेबलावर आहे. पण लोकांना ती फरशी पुसायचं लिक्विड वाटली. ती चूक माझी होती, आणि तिनेच पुढचं काम शिकवलं.

तिसऱ्या खेपेला आम्ही त्या फळीवरच्या सगळ्या, म्हणजे नऊ बाटल्या विकत आणल्या आणि ओळीत मांडल्या. प्रत्येकीवर काय काय आहे ते लिहीत गेलो. ज्या गोष्टी सहा-सात बाटल्यांवर होत्या त्या वेगळ्या काढल्या: पिवळा-हिरवा रंग, लिंबू, आतलं लिक्विड दिसणारं पारदर्शक प्लास्टिक. ही त्या वस्तूची सगळ्यांची भाषा. 'हे भांड्यांचं आहे' एवढंच ती सांगते, म्हणून ती आम्ही ठेवली. ज्या गोष्टी एकट्या आघाडीच्या ब्रँडच्या होत्या, म्हणजे तिरकं नाव, नावामागची लाल पट्टी, फोडीवरचा थेंब, त्या त्याच्या मालकीच्या. त्यांना हात लावायचा नाही, असं ठरवलं.

पण ठेवलं आणि टाळलं, एवढ्याने ब्रँड होत नाही. स्वतःचं काहीतरी लागतं. कॅनडात लोब्लॉज या साखळीने 1978 मध्ये 'नो नेम' माल आणला, तोही साधाच, पण पिवळ्या पाकिटावर काळी अक्षरं हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता आणि तो प्रत्येक वस्तूवर पाळला. आम्हाला सगळ्या मालाला एकच रंग देता येत नव्हता, कारण वरची भाषा वस्तूगणिक बदलते. म्हणून लेबलाचा खालचा एक तृतीयांश भाग पांढरा ठेवला आणि तिथे ग्राहक शोधतो ते मोठ्या अक्षरात लिहिलं: हे कशासाठी आणि किती घ्यायचं. वरचे दोन तृतीयांश त्या-त्या वस्तूच्या भाषेत. बाटली मात्र उत्पादकाच्या तयार साच्यातलीच घ्यावी लागली. स्वतःचा साचा परवडायला मोठा खप हवा.

छपाईआधी फळीचा फोटो काढून मुद्दाम धूसर केला आणि तीन मीटरवरून दाखवला. पाहणाऱ्यांना दोनच प्रश्न विचारले: ही वस्तू कशाची, आणि ही कोणाची? दुसऱ्याला कुणी आघाडीच्या ब्रँडचं नाव घेतलं, तर लेबल परत टेबलावर. आमचं दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा पार पडलं, आणि यावेळी कार्डाच्या नोंदींत तीच माणसं पुन्हा दिसू लागली.

आता टिश्यू पेपर हातात आहे. पाकीट मऊ असल्याने तळाच्या शिवणीत पांढरा पट्टा दुमडतो आणि 'किती' हा शब्द आत जातो. पट्टा मधोमध घ्यावा, तर बाटल्यांशी जुळत नाही. या आठवड्यात पाच नमुने भरून पाहिले, दोन बरे आहेत.